तिसऱ्या खणातली शेळी

सेलूच्या जिनिंगमागे सोळा घरांची एक अंजुमन, म्हणजे सहकारी संस्था, होती. सरकारदरबारी तिचं नाव पाच शब्दांचं आणि उर्दूत होतं, त्यातला 'इमदाद-ए-बाहमी' एवढा तुकडा लोकांना पाठ होता आणि त्याचा अर्थ एकमेकांना मदत, म्हणजे सगळ्यांनी मिळून घरं बांधायची, असा होतो हेही ठाऊक होतं. पण बोलताना सगळे नुसतं अंजुमनच म्हणायचे. सोळा घरांना एक विहीर, एक कचेरी आणि एक मुन्शी. मुन्शीचं नाव मुंजाजी. कचेरीमागच्या खोलीत तो, त्याची बायको कस्तुराबाई आणि तीन मुली राहत. नोकरी गेली तर खोलीही जाणार, हे त्याला रोज सकाळी चूळ भरताना आठवायचं.

मुंजाजीची उर्दू देखणी होती आणि मराठी तर काय, घरचीच. अंजुमनच्या नियमात लिहिलं होतं की कुठलीही नोटीस सभासदाला वाचता येईल अशा भाषेत निघावी, सात दिवस आधी फलकावर लागावी, आणि शिवाय वहीत उतरवून घरोघर फिरवून सही घ्यावी. ज्याने जी भाषा वाचली त्याने त्याच भाषेखाली सही करायची. म्हणून विहिरीजवळच्या फलकाला सुताराने तीन खण पाडले होते. उजवीकडे उर्दू, डावीकडे मराठी, खाली आडवा कानडी.

कानडी खण शिवरुद्रअप्पांमुळे आला. अप्पा उदगीरकडचे, कापसाच्या व्यापारात सेलूला आले आणि इथलेच झाले. अंजुमन काढणाऱ्यांत ते पुढे होते. त्यांच्या बायकोला, शांतम्माला, मराठी बोलायला छान यायची, वाचायला मात्र कानडीच. तेव्हा अप्पा हयात होते तोवर मुंजाजी वरचे दोन खण लिहायचा, अप्पा संध्याकाळी येऊन तिसरा लिहायचे, आणि तंबाखूची चिमूट मळत मुंजाजीला कानडी आकडे शिकवायचे. आकडे झाले, अक्षरं राहिली. तेव्हाच्या सरकारी सनाने तेराशे पन्नास फसलीत अप्पा तीन दिवसांच्या तापाने गेले. घर शांतम्माच्या नावावर झालं, सभासदही तीच झाली. कानडी वाचणारं माणूस अंजुमनमध्ये एकटी तीच उरली आणि लिहिणारं कुणीच उरलं नाही.

पुढची नोटीस निघाली तेव्हा मुंजाजीने मोतमदांना विचारलं होतं. मोतमद म्हणजे अंजुमनचे चिटणीस, दस्तगीर साहेब, तहसिलीतून निवृत्त झालेले. नियम म्हणजे नियम, असा माणूस. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाले, "मुन्शीजी, तीन खण हैत, तीनही भरले पायजेत. कसं भरायचं ते तुमी बघा."

मुंजाजीने बघितलं. कपाटात अप्पांच्या हातची शेवटची नोटीस होती. ती पुढ्यात ठेवून त्याने एकेक वळण तसंच्या तसं काढलं, वर तारीख मात्र नवी घातली, कारण आकडे येत होते. एवढ्यापुरतं, असं त्याने स्वतःला सांगितलं. पुढच्या वेळी परभणीहून कुणाकडून तरी लिहून आणू. पुढच्या वेळी विहिरीत औषध टाकायची घाई होती. त्याच्या पुढच्या वेळी घासलेट वाटपाचा हुकूम आला होता. मग वार्षिक सभा. अशा अडीच वर्षांत दहा नोटिसा निघाल्या आणि दहाही वेळा तिसऱ्या खणात तेच. सरकारी तपासनीस येऊन गेले, त्यांनी एक, दोन, तीन असे खण मोजले आणि शेरा दिला की काम समाधानकारक आहे. मुंजाजीच्या हाताला ते कानडी इतकं वळणी पडलं की शेवटी शेवटी त्याला नमुना समोर लागायचा नाही. स्वतःच्या अक्षरावर तो खूषही होता. त्यात काय लिहिलंय हे मात्र त्याला माहीत नव्हतं. अप्पांनी काहीतरी बरंच लिहिलं असणार, एवढा त्याचा अप्पांवर विश्वास होता.

शांतम्मा प्रत्येक वेळी वहीत सही करायची. सावकाश वाचायची, खाली कानडीत नाव घालायची, वही परत द्यायची. एक शब्द बोलायची नाही. मुंजाजीला वाटायचं, नवरा गेल्यापासून बाई अबोल झाली.

तेराशे त्रेपन्नच्या थंडीत गोष्ट अंगावर आली. अंजुमनचे सदर, म्हणजे अध्यक्ष, होते आबासाहेब, पेडगावकडे दीडशे एकर आणि सेलूत चार ठिकाणी भागीदारी. त्यांचा जावई नवीनच जिनिंगवर लागला होता आणि त्याला घर हवं होतं. आबासाहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी फक्त नियम वाचले. एकोणिसाव्या कलमात होतं की जो सभासद लागोपाठ तीन वार्षिक सभांना, नोटीस मिळूनही, कारण न कळवता गैरहजर राहील, त्याचं सभासदत्व रद्द करून घर ते मागणाऱ्यांच्या यादीतल्या पुढच्या माणसाला द्यावं. शांतम्मा तीन सभांना आली नव्हती. यादीत पुढचा माणूस जावई होता.

दस्तगीर साहेबांनी वही तपासली. तिन्ही सभांच्या नोटिशींखाली कानडी सही होती.

"बाईनं वाचून दस्तखत केल्यात, आन आल्या न्हाईत," ते म्हणाले. त्यांना वाईट वाटत होतं, पण त्यांचं वाईट वाटणं कधी कलमाच्या आड आलं नव्हतं. "खास सभा बोलवा. त्यांना जबाब द्यायला बोलवा. नोटीस तिन्ही जबानीत. आन मुन्शीजी, एखाद्याचं घर जायचा मामला हाय. एकेक हरफ दुरुस्त पायजे."

याही वेळी अप्पांचं तेच कानडी डकवावं असं मुंजाजीच्या मनात येऊन गेलं, नाही असं नाही. पण एखाद्या बाईला घरातून काढायची नोटीस आणि त्यात काय लिहिलंय ते आपल्याला माहीत नाही, हे त्याला सोसेना. सेलूच्या बाजारात त्याने विचारून पाहिलं. अप्पांच्या जातीतले दुकानदार चार-पाच होते, पण पिढ्यान्‌पिढ्या इकडचे. वीरभद्र किराणावाला म्हणाला, "आमच्या आज्याला यायची कानडी. आमी मोडीवाले." परभणीला जाऊन यायला सवड नव्हती, फलकावर नोटीस उद्याच लागायला हवी होती. शांतम्माविरुद्धची नोटीस कानडीत लिहू शकेल असं सेलूत एकच माणूस होतं. ते म्हणजे शांतम्मा.

दुपारी तो वही, बोरू आणि दौत घेऊन तिच्या ओट्यावर गेला.

"आक्का, एक काम होतं. नोटीस कानडीत करून पायजे."

शांतम्मा ज्वारी निवडत होती. तिने सूप बाजूला ठेवलं. "मी कशाला? तुमाला येतंय की चांगलं."

मुंजाजीने दौत ओट्यावर ठेवली. तिने हात पदराला पुसले आणि म्हणाली, "सांगा. काय लिहू?"

त्याने मराठी वाचून दाखवलं. खाली मान घालून, एका सुरात, जसं तहसिलीत लिलावाचं वाचतात तसं. शांतम्माने शेवटपर्यंत ऐकलं.

"म्हंजे मला काढायलेत," ती म्हणाली.

"तीन सभांना तुमी आल्या न्हाईत, आक्का."

"कोणत्या सभा?"

मुंजाजीने वही उघडली आणि तिच्याच सह्यांवर एकेक बोट ठेवलं. शांतम्माने पाहिलं. मग त्याच्याकडे पाहिलं.

"ह्यात सभेचं कुठं हाय?" ती म्हणाली. "ह्यात तर माजी शेळी हाय."

मुंजाजीला काही कळेना. तेव्हा तिने बोट ठेवून ओळ न ओळ मराठीत सांगितली. रस्त्याकडेला लावलेली लिंबाची रोपं शेळ्या खाऊन टाकतात. ज्यांच्या शेळ्या आहेत त्यांनी त्या बांधून ठेवाव्यात. यापुढे तक्रार आल्यास अंजुमनला नाइलाजाने दखल घ्यावी लागेल. बस्स, एवढंच. ही नोटीस अप्पा होते तेव्हाची, रोपं नवी लावलेली तेव्हाची. तेव्हा पाच घरी शेळ्या होत्या. वर्षभरात चार घरच्या गेल्या. राहिली ती शांतम्माची.

"मालक गेल्यावर तीन म्हैन्यांनी तुमी आलाव," ती म्हणाली. "तारीख नवी. म्हटलं, माज्या शेळीनं कुणाचं तरी खाल्लं असंल. दावं आखूड केलं. पुन्हा आलाव. म्हटलं, रात्रीचं सुटत असंल. घरात बांधली. पुन्हा आलाव. मालकांनी लिहिलेलंच मला वाचायला देयलेत, म्हटलं. तुज्याच नवऱ्याचा नियम तू मोडायलीस, असं म्हणायलेत. उर्दूत तेच, मराठीत तेच, सगळी गल्ली तीन भाषांत माज्या शेळीचं बोलायली. मला इहिरीवर जायची लाज वाटायची, मुंजाजी. सगळ्या बाया पाणी नेऊन झाल्या की मी जायची."

"मग?"

"मग इकली. पोखर्णीच्या बाजाराला मानसाबरोबर लावून दिली. तरी तुमी आलाव. शेळी घरात न्हाई आन नोटीस हाय."

ती रडली नाही. मुंजाजीला मात्र वाटलं, रडली असती तर बरं झालं असतं. त्याने जे होतं ते सांगितलं. आपल्याला कानडी येत नाही, फक्त आकडे येतात. अप्पांचं बघून काढत होतो. दहा वेळा. आपण आयुष्यात कुणाचं वाईट केलं नाही असं त्याला आजवर वाटत आलं होतं, आणि ते सगळं या ओट्यावर गळून पडलं.

"सभेत सांगा तुमी," तो म्हणाला.

"मी कशी सांगू? बाई घर वाचवायला लबाड बोलायली म्हणतील. वाचून बघणारं कोण हाय तिथं?" तिने दौत पुढे ओढली. "सांगायचं का न्हाई ते तुमचं तुमी बघा. तुमाला तीन पोरी हैत. द्या तो बोरू."

आणि तिने स्वतःला घराबाहेर काढायची नोटीस शुद्ध कानडीत लिहिली. एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही. वाचून पाहिली, खाली सही केली, आणि म्हणाली, "शाई वाळू द्या."

त्या सात दिवसांत मुंजाजी नीट जेवला नाही. कस्तुराबाईला त्याने चौथ्या दिवशी सांगितलं. ती तव्यावर भाकरी टाकत होती. तिने ऐकून घेतलं, भाकरी उलटली आणि म्हणाली, "खोली सोडायची झाली तर माज्या भावाकडं जाऊ. पर ही भाकर मला गिळायची न्हाई." एवढंच बोलून ती पुन्हा पिठाला लागली. बायको रागावली की काय हे त्याला दिवसभर समजलं नाही.

सभा कचेरीच्या पडवीत भरली. सोळापैकी चौदा जण आले, शांतम्मा खांबाशी बसली. आबासाहेब लोडाला टेकले होते, जावई दाराशी उभा होता. दस्तगीर साहेबांनी कलम वाचलं, मग वही उघडून विचारलं, "हे दस्तखत तुमचेच?"

"माजेच."

"वाचून केले?"

"वाचून."

"मंग सभेला का आल्या न्हाईत?"

शांतम्मा खाली बघत राहिली. आबासाहेब म्हणाले, "बाई, कारण असंल तर सांगा. आमाला काय हौस न्हाई." ते खरं वाटावं असंच म्हणाले.

मुंजाजी उठला. कपाटातून त्याने फलकावरून उतरवलेल्या दहा नोटिसा आणल्या आणि पडवीत एकीखाली एक मांडल्या, वर अप्पांच्या हातची अकरावी.

"साहेब," तो म्हणाला, "वाचू नका, कुणाला येत न्हाई. नुसतं बघा. खालचा खण तेवढा बघा."

सगळे वाकून बघू लागले. उर्दूत विहीर होती, घासलेट होतं, सभा होती. मराठीतही तेच होतं. खाली मात्र दहाही ठिकाणी एकच चित्र, ओळीला ओळ, वळणाला वळण. दुसऱ्या ओळीच्या मध्यावर एक टपोरं गोल अक्षर होतं, ते तर दर नोटिशीत आणखी सुबक होत गेलं होतं.

"हे कोणतं अक्षर?" आबासाहेबांनी विचारलं.

शांतम्माने मान उंचावून पाहिलं. "ते अक्षर न्हाई. मालकांच्या दौतीचा डाग हाय."

कुणी हसलं नाही. मुंजाजीने उभ्या उभ्या सगळं सांगितलं, शेळीसकट. सांगून झाल्यावर त्याने कचेरीच्या किल्ल्या साहेबांपुढे ठेवल्या. जीव हलका झाला का, तर नाही. मुलींचे चेहरे डोळ्यांपुढे होते.

दस्तगीर साहेब चिडतील असं सगळ्यांना वाटत होतं. ते कलमांचं पुस्तक चाळत होते.

"मतलब असा झाला," ते शेवटी म्हणाले, "की एका सभासदाला नोटीस पोचलीच न्हाई. ज्या सभेची नोटीस एका जरी सभासदाला पोचली न्हाई, ती सभा सभाच न्हाई. अशा तीन सभा झाल्या. त्यात आबासाहेब सदर झाले. म्हणजे झालेच न्हाईत. मी मोतमद झालो, तो पण न्हाई. तीन नंबरच्या सभेत ह्या साहेबांचं नाव यादीत घातलं," त्यांनी दाराशी उभ्या जावयाकडे पाहिलं, "ते पण न्हाई."

"मग मुन्शीला काढायचं तर?" आबासाहेबांनी विचारलं.

"काढणार कोण? आपण कोणीच न्हाई."

आबासाहेबांनी पगडी काढून मांडीवर ठेवली. तपासनीस फेब्रुवारीत यायचे होते. साहेबांनी सांगितलं की वाट एकच आहे. नव्याने खास सभा, सात दिवसांची नोटीस तिन्ही भाषांत, आणि मागचं सगळं त्या सभेत पुन्हा मंजूर करून घ्यायचं. बोलता बोलता ते थांबले, कारण तिसरी भाषा लिहिणार कोण हे त्यांच्या लक्षात आलं. मग पडवीतल्या सगळ्यांच्याच लक्षात आलं आणि साऱ्या माना खांबाकडे वळल्या.

"लिहिते," शांतम्मा म्हणाली. "पर त्याच्या आधी एक नोटीस लागंल."

"घराची ना? घर तुमचंच," आबासाहेब घाईने म्हणाले. जावयाकडे त्यांनी बघितलं नाही.

"घराचं राहू द्या. घर न्हाई म्हणला तर मी उदगीरला भावाकडं जाईन, तिथं मला कानडीत हाक मारणारं कुणीतरी हाय." तिने वहीकडे बोट केलं. "माज्या शेळीची कुणाची तक्रार होती का न्हाई, तेवढं लिहून लावा. तिन्हीत लावा. आन घरोघर फिरवा."

साहेबांनी कलमांत शोधलं. अशी नोटीस लावू नये असं कुठे लिहिलेलं नव्हतं.

मुंजाजीने त्याच संध्याकाळी लिहिली. सभासद शांतम्मा यांच्या शेळीबद्दल अंजुमनकडे कधीही, कुणाचीही तक्रार आलेली नाही. उर्दू उजवीकडे, मराठी डावीकडे. तिसरा खण शांतम्माने लिहिला आणि मुंजाजीने, सवयीने, तिच्या हाताकडे बघत एकेक वळण मनात काढलं, मग शरमून नजर फिरवली.

दुसऱ्या दिवशी तो वही घेऊन निघाला. साहेबांनी उर्दूखाली सही केली. आबासाहेबांनी मराठीखाली केली आणि जरा जास्तच ठसठशीत केली. बाकीच्या घरांत एकच प्रश्न निघाला. "कोणती शेळी?" सुमनबाई म्हणाली, "तिच्याकडं शेळी होती व्हय?" लिंबाजी म्हणाला, "अशी सोळा घरं फिरवून सांगायची काय गोष्ट हाय ही?" आणि सही केली. प्रत्येक घरी मुंजाजीला ते ऐकायला लागलं, आणि प्रत्येक घरी त्याला वाटलं की हे तिच्या कानावर जाऊ नये. त्या बाईने अडीच वर्षं खाली मान घालून पाणी भरलं होतं आणि लोकांना शेळीच माहीत नव्हती.

शांतम्माच्या भिंतीला भिंत लागून दगडाबाईचं घर. ती अंगठेवाली. मुंजाजीने वाचून दाखवलं. दगडाबाईने ऐकलं आणि म्हणाली, "पुन्हा वाचा."

त्याने पुन्हा वाचलं.

"तक्रार?" दगडाबाई म्हणाली. "माजा नातू त्या शेळीच्या दुधावर जगला, मुन्शी. त्याची आय बाळंतपणात गेली तवा शांतम्मा रोज गडवाभर द्यायची. मग एक दिवस न इचारता न सांगता शेळी इकली. मला वाटलं, आमी रोज न्यायलो म्हणून तिला जड झालं. तवापास्नं मी तिच्या दारात गेले न्हाई."

मुंजाजीने शाईची डबी पुढे केली. दगडाबाईने अंगठा बुडवला, वहीवर दाबून उठवला, आणि तो पुसायचं फडकं त्याने द्यायच्या आत उठून बाहेर पडली. शेजारच्या ओट्यावर चढली. दार लोटलेलं होतं. तिने शाईचा अंगठा वर धरून चार बोटांनी ते ढकललं आणि आत गेली.

अजून एक सही राहिली होती, तिसऱ्या भाषेखालची. मुंजाजी वही घेऊन त्या ओट्याच्या कडेला बसला. आत दोघी बोलत होत्या, बराच वेळ बोलत होत्या, आणि त्याला कुणी आत बोलावलं नाही.